ताबा घेण्याआधी बाथरूममध्ये पाणी साठवून पाहा: स्नॅग लिस्ट आणि फ्लॅटचे हस्तांतरण

नाशिकमध्ये नव्या इमारतींचे बरेचसे ताबे फेब्रुवारी ते मे या महिन्यांत दिले जातात. पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला किल्ली हातात यावी ही घेणाऱ्याची इच्छा असते, आणि पावसाळ्याच्या आत रंगकाम उरकून मोकळे व्हावे ही बांधणाऱ्याची घाई असते. या महिन्यांत हवा कोरडी असते. भिंतीत मुरलेले पाणी बाहेरून दिसत नाही, खिडकीच्या फटीतून काहीही आत येत नाही, आणि बाथरूम तर कोणी वापरलेलेच नसते. त्यामुळे पाहणीच्या दिवशी घर अगदी निर्दोष दिसते आणि जुलैत खालच्या मजल्यावरचे शेजारी बेल वाजवतात. मी गेली अनेक वर्षे बिल्डरच्या बाजूने साइटवर उभा राहून फ्लॅट ताब्यात देण्याचे काम करतो. या काळात आलेल्या गंभीर तक्रारींचा माग काढत गेलो, तेव्हा बहुतेक वेळा शेवटी पाण्यापाशीच येऊन थांबलो. म्हणून या लेखात मी स्नॅग लिस्टबद्दल जे सांगणार आहे, त्याचा मोठा भाग पाण्याविषयी आहे.

स्नॅग लिस्ट म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्यावर, पण ताबा घेण्यापूर्वी, घरात राहिलेल्या उणिवांची खोलीवार नोंदलेली यादी. दार घासते, टाइल पोकळ वाजते, नळाच्या मागची चकती बसलेली नाही, भिंतीला तडा आहे, अशा सगळ्या गोष्टी तिच्यात येतात. घेणारे लोक तिला तक्रारींचा कागद समजतात आणि साइटवरची माणसे तिला कटकट समजतात. माझ्या मते या यादीचे खरे काम वेगळे आहे. कोणती उणीव ताब्याच्या दिवशी अस्तित्वात होती आणि कोणती नंतरच्या वापरातून निर्माण झाली, हे वेगळे करणारा तारीखवार पुरावा म्हणजे ही यादी. किल्ली एकदा आपल्या हातात आली की ओट्याच्या ग्रॅनाइटवरचा टवका कोणी पाडला, हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

पाहणीची तारीख ठरवण्याआधी एक कागद पाहिलाच पाहिजे, तो म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. नाशिक महापालिकेच्या हद्दीत ते महापालिकेकडून मिळते, आणि आपल्याकडे बोलताना लोक त्याला सरसकट ‘कम्प्लिशन’ म्हणतात. इमारतीच्या काही भागापुरतेच ते मिळाले असेल, तर त्यात आपली विंग, आपला मजला आणि आपला फ्लॅट आहे का, हे प्रत्यक्ष वाचून पाहावे. ‘फर्निचर करून घ्या, ताबा नंतर देऊ’ असे सांगून प्रमाणपत्राच्या आधीच किल्ली देण्याची पद्धत सर्रास आहे. महाराष्ट्राचा १९६३ चा फ्लॅट मालकी कायदा पूर्णत्वाच्या प्रमाणपत्राशिवाय कोणालाही ताब्यात प्रवेश देऊ नये असे सांगतो. शिवाय सुताराने आत काम सुरू केले की स्नॅग लिस्टला अर्थच उरत नाही, कारण पुढची प्रत्येक ओल आणि प्रत्येक तडा त्याच्या ड्रिल मशीनच्या नावावर जमा होतो.

प्रमाणपत्र मिळाल्यावर बिल्डर ताबा घेण्याविषयी लेखी कळवतो. राज्याच्या नमुना करारानुसार असे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ताबा घ्यायचा असतो, तर २०१६ च्या रेरा कायद्यात भोगवटा प्रमाणपत्रापासून २ महिन्यांची मुदत दिलेली आहे. आपल्या करारात कोणती मुदत लिहिली आहे ते काढून पाहावे, कारण ती संपली की फ्लॅट बंद असला तरी देखभाल खर्चाची मागणी सुरू होऊ शकते. पत्र आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच पाहणीची तारीख लेखी मागितली, तर पुढे दुरुस्तीला लागणारा वेळ आपल्या खात्यात पडत नाही.

आता एका फ्लॅटची हकिकत सविस्तर सांगतो. पाथर्डी फाट्याच्या बाजूला चौथ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट होता, त्याला ४०२ म्हणू. घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. ४ मार्चला त्यांना पत्र मिळाले आणि ७ मार्चला सकाळी त्या भाच्याला घेऊन पाहणीला आल्या. त्यांच्या पिशवीत टेप, छोटी लेव्हल पट्टी, टॉर्च, एक मोबाइल चार्जर, निळ्या चिकटपट्टीचे रीळ, खडू आणि शाळेची असते तशी आखीव वही होती. एवढ्या साहित्यात घराची पाहणी उत्तम होते. सकाळचीच वेळ त्यांनी मागितली होती, आणि ते योग्य होते, कारण खिडकीतून तिरपा उजेड भिंतीवर पडत असताना गिलाव्याचा उंचसखलपणा जसा दिसतो तसा तो दिव्याच्या उजेडात कधीच दिसत नाही.

त्यांनी सुरुवात मोठ्या बेडरूमला जोडलेल्या बाथरूमपासून केली. ते साधारण दीड मीटर रुंद आणि २.४ मीटर लांब होते. आधी त्यांनी लांबच्या कोपऱ्यात एक बादली पाणी ओतले आणि दहा मिनिटे थांबल्या. बाथरूमच्या फरशीला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे, दर मीटरला साधारण एक सेंटिमीटर उतार अपेक्षित असतो. तसा उतार असेल तर दहा मिनिटांत पाणी ओसरते आणि फक्त ओलसर चमक उरते. कमोडच्या मागे किंवा दाराच्या उंबऱ्यापाशी डबके साचून राहिले, तर तिथे उतार उलटा आहे असे समजावे. या फ्लॅटमध्ये उतार व्यवस्थित होता. इथे बहुतेक लोक समाधानाने पुढच्या खोलीत जातात.

बाई पुढे गेल्या नाहीत. त्यांनी आम्हाला बाथरूममध्ये पाणी साठवून दाखवायला सांगितले. ही चाचणी सोपी आहे. नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेली ओली वाळू घट्ट बसवायची, दारात सिमेंट-वाळूचा बोटभर उंचीचा बांध घालायचा आणि सरासरी तीन सेंटिमीटर पाणी भरायचे. दीड बाय २.४ मीटरच्या फरशीवर एवढ्या पाण्याचे साधारण ११० लिटर होतात, म्हणजे मोठ्या पाच-सहा बादल्या. पाण्याच्या कडेला भिंतीच्या टाइलवर पेन्सिलने रेघ मारायची आणि किमान २४ तास, शक्य असेल तर ४८ तास, दार बंद करून ठेवायचे. स्लॅबवर वजन येईल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. एवढ्या पाण्याचा भार एका चौरस मीटरला जेमतेम ३० किलो होतो, आणि भरलेल्या कपाटाचा किंवा वॉशिंग मशीनचा भार त्याहून पुष्कळ जास्त असतो.

या चाचणीत दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे, पाणी भरण्याआधी निचऱ्याचा पाइप वेगळा तपासला जात नाही. ट्रॅप मोकळा ठेवून आधी दोन-तीन बादल्या पाणी भराभर सोडायचे आणि खालच्या फ्लॅटच्या बाथरूमचे छत पाहायचे. तेव्हाच थेंब दिसले तर दोष पाइपच्या सांध्यात आहे. तेव्हा छत कोरडे राहिले आणि पाणी साठवल्यावर ओलावले, तर दोष फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये किंवा पाइप स्लॅबमधून जातो त्या छिद्राच्या भरावात आहे. या दोन दोषांची दुरुस्ती पूर्णपणे वेगळी असते, त्यामुळे हा क्रम पाळणे फार महत्त्वाचे आहे. दुसरी गोष्ट बाष्पीभवनाची. मार्चच्या कोरड्या हवेत बंद बाथरूममधले पाणीही थोडे उडून जाते, आणि मग ‘पातळी उतरली ती उन्हाळ्यामुळे’ असे सांगायला जागा मिळते. बाईंच्या भाच्याने त्यावर चांगला उपाय केला. त्याने त्याच बाथरूममध्ये उलट्या ठेवलेल्या पाटीवर एक पसरट घमेले पाण्याने भरून ठेवले आणि त्यावरही रेघ मारली. दुसऱ्या दिवशी घमेल्यातले पाणी २ मिलिमीटर उतरले होते, तर फरशीवरचे ९ मिलिमीटर. उरलेले ७ मिलिमीटर हवेत गेलेले नव्हते.

आम्ही खाली ३०२ मध्ये गेलो. बाथरूमला पीव्हीसीचे खोटे छत होते आणि ते खालून स्वच्छ कोरडे दिसत होते. तपासणीची झडप उघडून टॉर्च मारल्यावर मात्र निचऱ्याचा पाइप जिथे स्लॅबमधून खाली येतो, तिथे त्याच्याभोवती ताटलीएवढे काळसर वर्तुळ दिसले आणि पाइपच्या कडेने एक थेंब लोंबत होता. खोट्या छतामुळे हा दोष कित्येक महिने लपून राहू शकतो, म्हणून झडप उघडल्याशिवाय ‘खाली काही नाही’ असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नये. खालचा फ्लॅट दुसऱ्याच्या मालकीचा असला, तरी ताबे देण्यापूर्वी त्याची किल्ली बिल्डरकडेच असते. ताबे झाल्यावर तेच छत पाहण्यासाठी शेजाऱ्यांची परवानगी काढावी लागते. ही चाचणी आधी करण्याचे हेही एक सबळ कारण आहे.

प्लंबर म्हणाला, “मॅडम, नवीन काम आहे, थोडी ओल येणारच. आठ दिवसांत सुकून जाईल.”

बाई म्हणाल्या, “भाऊ, आज आपण पाणी काढलं की ती सुकेलच. मी रोज अंघोळ करायला लागल्यावर काय होईल, ते मला सांगा.”

त्यांचे म्हणणे बरोबर होते. टाइलच्या सांध्यांमधून थोडे पाणी खाली झिरपतेच, टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. पाणी खरे अडवायचे असते ते टाइलखालच्या थराने. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब बहुधा थोडा खाली टाकलेला असतो, त्यावर वॉटरप्रूफिंग करून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर टाइल बसवतात. पाइपसाठी स्लॅबला पाडलेले छिद्र पाइपपेक्षा मोठे असते, आणि मधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची असते. घाईत ती साध्या सिमेंट-वाळूने भरली तर वाळताना ते मिश्रण आकसते, पाइपभोवती केसाएवढी फट राहते आणि कोब्यात साठलेले पाणी तिथून वाट काढते. ४०२ मध्ये नेमके हेच झाले होते, आणि साइटवरचा माणूस म्हणून ती चूक आमचीच होती.

अशा वेळी सगळ्यात आधी सुचवला जाणारा उपाय म्हणजे टाइलचे सांधे वरून पुन्हा भरून घेणे. त्याने गळती काही महिने मंदावते आणि तेवढ्यात ताबा होऊन जातो. खरी दुरुस्ती खर्चिक आणि धुळीची असते. ट्रॅपभोवतीच्या चार टाइल काढायच्या, कोबा खणून स्लॅब उघडा करायचा, पाइपभोवतीचा जुना भराव काढून न आकसणारे ग्राउट भरायचे, ते घट्ट झाल्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे आणि ते पाइपच्या अंगावर व आजूबाजूच्या जुन्या थरावर चढवायचे. त्यानंतर टाइल लावण्याआधी एकदा पाणी साठवून पाहायचे आणि टाइल लावल्यावर पुन्हा एकदा. मधली चाचणी गाळू देऊ नये, कारण त्या टप्प्यावर दोष सापडला तर फक्त एक दिवस जातो आणि नंतर सापडला तर सगळे पुन्हा फोडावे लागते.

बाथरूमनंतर पाण्याचा दुसरा रस्ता खिडकीचा असतो. नाशिकला पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, त्यामुळे पश्चिम आणि नैऋत्येच्या भिंतींवरच्या खिडक्या जास्त काळजीने पाहाव्यात. खिडकीखालच्या ग्रॅनाइटला बाहेरच्या बाजूस उतार असला पाहिजे आणि त्याच्या पुढे आलेल्या कडेला खालून एक खाच असली पाहिजे, म्हणजे पाणी थेंबाथेंबाने खाली पडते, दगडाच्या पोटाने भिंतीकडे परत येत नाही. चौकट आणि भिंत यांमधली फट बाहेरून सीलंटने सलग भरलेली असावी, आणि सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीतली पाणी जाण्याची छोटी छिद्रे सिमेंटने किंवा रंगाने बुजलेली नसावीत. हे डोळ्यांनी पाहून झाल्यावर रबरी पाइपने बाहेरून दहा मिनिटे पाणी मारावे, आधी खालच्या कडेवर, मग बाजूंना आणि शेवटी वर. एकदम वरून पाणी मारले तर ते नेमके कुठून आत आले हे कळत नाही. तरीही वाऱ्याने रेटलेल्या पावसाची पूर्ण नक्कल पाइपच्या पाण्याने होत नाही, ही या चाचणीची मर्यादा आहे. ४०२ च्या हॉलची खिडकी पश्चिमेला होती. पाइपच्या पाण्यात ती कोरडी राहिली, पण तिच्या उजव्या कडेचे सीलंट एका ठिकाणी तुटक दिसत होते.

बाकीची पाहणी मी थोडक्यात सांगतो. टाइल नाण्याने किंवा लाकडी मुठीने हलके वाजवून पाहाव्यात. कोपऱ्यातली एखादी टाइल किंचित पोकळ वाजली तर ती नोंदवावी, पण जिथे सतत चालणे आहे किंवा जड कपाट येणार आहे तिथल्या पोकळ टाइल बदलूनच घ्याव्यात. भिंत आणि बीम किंवा कॉलम यांच्या जोडावर सरळ रेषेत गेलेला बारीक तडा बहुधा दोन वेगळ्या साहित्यांच्या आकसण्याचा असतो. तिथे गिलाव्याखाली जाळी लावली नसेल तर नुसती पुट्टी भरून तो बुजत नाही, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडतो. तिरका तडा, खिडकीच्या कोपऱ्यातून पायरीपायरीने उतरलेला तडा, किंवा बीम-कॉलमवरच आलेला तडा मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय सोडू नये आणि त्याचे मत लेखी घ्यावे. विजेचे प्रत्येक सॉकेट चार्जर लावून पाहावे. मुख्य पेटीतील, वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे टेस्ट बटण दाबल्यावर तो लगेच खाली पडला पाहिजे, न पडला तर ती उणीव यादीत सर्वात वर लिहावी. कार्पेट क्षेत्रफळही टेपने मोजून घ्यावे. त्यात आतल्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट आणि फक्त आपल्या वापराची बाल्कनी धरत नाहीत. नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक गृहीत धरलेला आहे, मात्र क्षेत्र कमी भरल्यास त्या प्रमाणात पैसे व्याजासह परत करण्याची तरतूदही त्याच कलमात आहे.

आता यादी कशी लिहायची ते पाहू, कारण चांगली पाहणी वाईट नोंदीमुळे वाया गेलेली मी अनेकदा पाहिली आहे. ‘बाथरूममध्ये गळती’ एवढेच लिहिले तर प्लंबर येतो, नळ घट्ट करतो आणि काम झाले म्हणून खूण करून जातो. बाईंच्या वहीतली नोंद अशी होती: ‘क्रमांक ३. मोठ्या बेडरूमचे बाथरूम. ट्रॅप बंद करून ७ मार्च संध्याकाळी ६ ते ८ मार्च संध्याकाळी ६ पाणी साठवले. पातळी ९ मिमी उतरली, घमेल्यात २ मिमी. ३०२ च्या छतात निचऱ्याच्या पाइपभोवती ओल. ट्रॅप मोकळा असताना छत कोरडे होते. फोटो ११ ते १४.’ पुढचे रकाने होते ठरलेली दुरुस्ती, कोणती तारीख, कोणी केली आणि फेरतपासणीची सही. नोंद कुठे, काय, केव्हा आणि कशी दिसली एवढे सांगते आणि दोषाचा निकाल घेणाऱ्याने स्वतः लावत नाही, ही तिची खरी ताकद आहे. भिंतीचे नाव ‘दारातून आत आल्यावर डावी’ असे लिहावे, कारण पूर्व-पश्चिम सगळ्यांना पटकन उमगत नाही. प्रत्येक उणिवेवर निळी चिकटपट्टी लावून तिच्यावर यादीतला क्रमांक लिहावा. रंग खराब न करता ही पट्टी निघते, आणि कारागिराच्या हातात यादी नसली तरी त्याला जागा सापडते.

४०२ च्या यादीत ४७ नोंदी झाल्या. घेणाऱ्याला हा आकडा मोठा वाटतो, पण त्यातल्या ३० हून अधिक नोंदी रंगाचे डाग, घासणारी दारे, सैल हँडल आणि स्विचच्या वाकड्या पट्ट्या अशा होत्या, आणि दोन कारागिरांनी त्या दोन दिवसांत संपवल्या. सगळ्या नोंदी एकाच मापाने मोजणे ही घेणाऱ्यांची सामान्य चूक असते. भिंतीवरच्या डागासाठी ताबा अडवून धरला की मुदतीचा आणि देखभाल खर्चाचा वाद आपल्या अंगावर येतो, आणि गळती मात्र ‘बाकी यादीसोबत करून देऊ’ या वाक्यात हरवून जाते. माझ्या मते पाणी, वीज आणि ढाच्याशी संबंधित दोष ताब्यापूर्वीच दुरुस्त झाले पाहिजेत. उरलेल्या गोष्टी तारीख लिहून घेऊन नंतर केल्या तरी चालतात.

दुरुस्तीचा क्रमही ठरवून घ्यावा लागतो. आधी वॉटरप्रूफिंग आणि प्लंबिंग, मग टाइल, मग वीज आणि सुतारकाम, आणि रंगारी सगळ्यात शेवटी. साइटवर नेमके उलटे घडते, कारण रंगारी अजून इमारतीत असतो आणि टाइलचा मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. मग रंग होतो, त्यानंतर टाइल फोडली जाते, आणि नव्या रंगावर सिमेंटचे शिंतोडे उडून यादीत आणखी दोन नोंदी वाढतात. बिल्डरने ठेकेदारांच्या बिलातली काही रक्कम काम पूर्ण होईपर्यंत राखून ठेवलेली असते. ती मोकळी होण्याआधी यादी आली तर कारागीर परत येतात, आणि ती दिली गेल्यावर त्याच मिस्त्रीला बोलावणे आम्हालाही जड जाते. यादी लवकर देण्यात घेणाऱ्याचा फायदा आहे तो या कारणाने.

नमुना करारातील हप्त्यांच्या रचनेत लिफ्ट, पंप आणि विजेची कामे झाल्यावर एकूण रक्कम जास्तीत जास्त ९५ टक्क्यांपर्यंत घेता येते, आणि उरलेली रक्कम भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा देताना द्यायची असते. आपला करार तसा असेल तर हा शेवटचा ५ टक्क्यांचा हप्ता फेरतपासणीआधी देण्याचे कारण नाही, मात्र तो न देण्याचे कारण लेखी कळवावे. बाईंनी ९ मार्चला ईमेल करून क्रमांक ३ ची दुरुस्ती आणि ४८ तासांची चाचणी झाल्यावर २८ मार्चला ताबा व शेवटचा हप्ता एकत्र करू, असे कळवले, आणि बिल्डरने त्याच ईमेलला होकार दिला. त्यामुळे १५ दिवसांची मुदत उलटूनही त्यांच्यावर कोणताही बोजा आला नाही.

ताब्याच्या दिवशी जे पत्र सहीसाठी पुढे येते, त्यात बहुधा एक वाक्य छापलेले असते: ‘मी फ्लॅटची पाहणी केली असून सर्व कामे समाधानकारक आहेत व माझी कोणतीही तक्रार नाही.’ रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्याच्या तारखेपासून ५ वर्षांत ढाच्याचा, कारागिरीचा, गुणवत्तेचा किंवा सेवांचा दोष निदर्शनास आणून दिल्यास बिल्डरने तो विनामूल्य, ३० दिवसांत दुरुस्त करायचा असतो, आणि न केल्यास भरपाई मागता येते. कायद्याने दिलेला हा हक्क त्या एका वाक्याने संपतो असे मी मानत नाही, पण पुढे प्रत्येक तक्रारीत तेच वाक्य आपल्यासमोर ठेवले जाते. म्हणून ते खोडून ‘सोबत जोडलेल्या यादीतील उर्वरित नोंदींच्या अधीन राहून ताबा घेतला’ असे लिहावे, यादीच्या प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत स्वतःकडे ठेवावी. पाच वर्षांची मोजणी याच पत्रावरच्या तारखेपासून होते, तेव्हा ती तारीख कोरी सोडू नये. आणखी एक गोष्ट करारात शोधून वाचावी. घेणाऱ्याने बाथरूमच्या टाइल किंवा पाइप बदलल्यास त्या भागाच्या गळतीची जबाबदारी बिल्डरवर राहणार नाही, अशी अट अनेक करारांत असते. ज्यांना आवडीच्या टाइल लावायच्या आहेत त्यांनी हे आधी तोलून पाहावे.

फ्लॅटचे हस्तांतरण आणि इमारतीचे हस्तांतरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिने, गच्ची, टाक्या, लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांची यादी सोसायटीच्या वतीने वेगळी करावी लागते, आणि त्याबरोबर प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे काढलेले नळ-वीज-ड्रेनेजचे नकाशे, लिफ्टचा परवाना आणि यंत्रांची वॉरंटीपत्रे मागून घ्यावी लागतात. गच्चीवर पाणी साठवण्याची चाचणी वरच्या मजल्यावरचे ताबे होण्यापूर्वी झाली पाहिजे, कारण नंतर खालून छत पाहणे पुन्हा घरोघरच्या परवानगीवर अवलंबून राहते.

४०२ ची मधली चाचणी १७ मार्चला झाली, टाइल लावल्यानंतरची ४८ तासांची चाचणी २६ मार्चला संपली. या वेळी फरशी आणि घमेले दोन्हीतले पाणी सारखेच उतरले होते आणि ३०२ मध्ये झडपेच्या आत पाइपभोवतीचे सिमेंट कोरडे, पांढुरके दिसत होते. बाईंनी हात लावून पाहिला आणि मगच क्रमांक ३ पुढे सही केली. २८ तारखेला ताबा झाला तेव्हा यादीत दोनच नोंदी उघड्या होत्या. एक हॉलच्या दाराच्या लॅमिनेटची, जी पुढच्या आठवड्यात मिटली. दुसरी हॉलच्या पश्चिमेकडच्या खिडकीची, जिच्यापुढे ‘सीलंट पुन्हा भरले, पावसात पाहून सही’ असे लिहिले होते. जुलैत तीन दिवस सलग पाऊस झाला, तेव्हा बाईंचा फोन आला की उजव्या कडेखाली रुपयाएवढा ओला ठिपका दिसतो आहे. आम्ही बाहेरून झुला लावून तपासले, तेव्हा सीलंट ठीक होते पण खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या टोकाला भिंतीत शिरताना सांधा उघडा राहिला होता. तो उघडीप मिळताच भरला, ऑगस्टच्या पावसात भिंत कोरडी राहिली, आणि बाईंनी वहीतल्या शेवटच्या रकान्यात तारीख घालून सही केली.